मिरचीच्या पानाला बाप नसतो

बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आनुवंशशास्त्राच्या पेपरातलं एक प्रकरण मी ऑप्शनला टाकलं होतं. हिशोब साधा होता. त्या अख्ख्या प्रकरणावर एकच प्रश्न येतो, तोही 'अथवा' लावून. वाटाण्याचे नियम पाठ असले, तीनास एक आणि नवास तीन-तीन-एक हे आकडे झोपेतसुद्धा म्हणता आले, की भागतं. माझं भागलं. फर्स्ट क्लास आला, पुढं एम.एस्सी.पण झाली. मी ते प्रकरण विसरलो.

ते मला विसरलं नव्हतं. दहा-बारा वर्षांनी जालन्याजवळ, अंबड रोडवरच्या एका शेडनेटमध्ये, जाळीच्या मांडवात, ते माझ्यासमोर येऊन उभं राहिलं. मिरचीचं रूप घेऊन आल्तं, म्हणून मी ओळखलं नाही. पुढची दोन वर्षं त्यानं माझी जी फजिती केली ती 'अथवा' लावून टाळता येण्यासारखी नव्हती.

मी तेव्हा एका बियाण्याच्या कंपनीत होतो. आमच्याकडे कुणाला विचारा, घरटी एक माणूस बियाण्यात असतो. कुणी दुकानात, कुणी गोदामात, कुणी प्लॉटवर. मी प्लॉटवर. व्हिजिटिंग कार्डावर 'ब्रीडर' असं छापलेलं होतं आणि ते कार्ड मी नातेवाइकांच्या लग्नात वाटायचो. काम काय, तर मिरचीच्या दोन जाती घ्यायच्या, एक मादी ठरवायची, एक नर. मादीची कळी उमलायच्या आदल्या दिवशी चिमट्यानं उघडून तिच्यातले पुंकेसर काढायचे, म्हणजे तिचे स्वतःचे पराग तिच्यावर पडणार नाहीत. मग नराचे पराग लावायचे आणि देठाला लाल दोरा बांधायचा. दोरा बांधलेल्या फळातलं बी ते संकरित बी.

हे सगळं चिमट्यानं, एकेका कळीला. कळी उघडायला थोडा उशीर झाला, की ती स्वतःच स्वतःला फळवून मोकळी. मग दोरा बांधला तरी आत मादीचंच बी. ही भेसळ. ती बी बघून कळत नाही. म्हणून प्रत्येक लॉटचं थोडं बी पेरायचं, रोपं लावायची, फळं येईपर्यंत थांबायचं आणि मग मोजायचं की खरी संकरित किती आणि भेसळ किती. यात महिनोन्‌महिने जातात. तोवर शेतकरी दारात, दुकानदार फोनवर आणि शेठ डोक्यावर.

अशा दिवसांत मला ती मिरची सापडली.

कुंभार पिंपळगावच्या बाजूला एका शेतकऱ्याचा प्लॉट बघायला गेल्तो. त्याच्या वाफ्याच्या कडेला एक झाड असं उभं की कुणी चुन्याचे हात झटकलेत. काही पानं हिरवी, काही अर्धी हिरवी अर्धी पांढरी, काहींवर नुसते शिंतोडे. एक फांदी तर बुडापासून शेंड्यापर्यंत पांढरीफेक, आणि तिच्या समोरची एक फांदी अगदी सरळमार्गी हिरवी. खोडाला आणि देठांना जांभळी झाक होती, पण ती मी पाहिली न पाहिल्यासारखी केली. हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

"व्हायरस हाय तो," शेतकरी म्हणाला. "उपटून टाकणारच व्हतो."

"उपटा, पण मला द्या," मी म्हणालो.

मुळाच्या मातीसकट ते झाड गोड्या तेलाच्या डब्यात बसवून मी एसटीत चढलो. कंडक्टरनं झाडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ह्याला अर्धं का फुल?"

"मांडीवर घेतो की."

"पाहुणं पांढरं पडलंय. दवाखान्यात चाल्लं का काय?"

अख्खी बस हसली. मी पण हसलो. मला वाटत होतं, हसा लेको, उद्या ह्याच झाडाचा फोटो कंपनीच्या कॅलेंडरवर असेल.

डोक्यात बेत पक्का होता. झाड महिनाभर बाजूला ठेवलं. आसपासच्या रोपांना काही झालं नाही, म्हणजे व्हायरस नव्हता. मग हा गुणच असणार, आणि गुण म्हटला की वाटाण्याचे नियम. हे झाड नर म्हणून वापरायचं. पांढरे शिंतोडे पुढच्या पिढीत उतरतील, निदान काही पिढ्यांनी जुळवून उतरवता येतील. मग ट्रेमधलं रोप बघूनच कळेल: पान चितरं ते संकरित, पान हिरवं ती भेसळ. फळाची वाट बघायलाच नको!

शेठसमोर मी हे फळ्यावर काढून दाखवलं. आमचे शेठ जुन्या जालन्यातल्या धान्याच्या पेढीवर वाढलेले. शास्त्र शिकलेले नव्हते, पण समोरचा माणूस कुठं बोलायचा थांबतो ते त्यांना बराबर कळायचं.

"किती दिवस?"

"दोन हंगाम."

"शेडनेट?"

"मधलं. आणि क्रॉसिंगला मावशी."

शेठनी वहीत दोन आकडे टिपले. मग म्हणाले, "दिले दोन हंगाम. न्हाई झालं तर मार्केटिंगला जायचं. घनसावंगी-परतूरकडची मोटरसायकल मोकळीच हाय."

मी हसत हसत हो म्हणालो. दुकानदारांशी बोलायचं म्हटलं की मी रस्ता बदलतो. मला चिमटा, भिंग आणि गप्प राहणारी झाडं बरी वाटतात. ते शेडनेट सुटलं असतं तर माझ्या कार्डावरचं 'ब्रीडर' गेलं असतं, आणि ते कार्ड तोवर निम्म्या जिल्ह्यातल्या नातेवाइकांच्या पाकिटात पोचलेलं होतं. तरी मी हो म्हणालो, कारण वाटाणे माझ्या बाजूला होते.

मावशी म्हणजे आमच्या क्रॉसिंगच्या बायकांमध्ये सगळ्यांत जुन्या. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, चिमटा पदराच्या टोकाला बांधलेला. उमलायला आलेली कळी त्या लांबूनच ओळखायच्या. कळीत चिमटा असा घालायच्या की आतल्या स्त्रीकेसराला पत्ताही लागू नये. झाड बघून त्यांनी तोंडावर पदर धरला.

"आगं बाई. मिरचीला कोड!"

"कोड नाही मावशी. ही आपली लक्ष्मी आहे."

"लक्ष्मी अशी फिक्कट नसती, सर."

पहिल्या हंगामात मी दोन्ही बाजूंनी क्रॉस करायचं ठरवलं. आमची एक चांगली हिरवी जात मादी आणि चितरं झाड नर. आणि उलट, चितरं झाड मादी आणि हिरवी जात नर. पुस्तकात असं दोन्हीकडून करायला सांगितलेलं असतं. का सांगितलेलं असतं ते ऑप्शनला टाकलेल्या प्रकरणात होतं.

फळं पिकली. मावशींनी दोन पिशव्या केल्या, दोन्हींना वेगळ्या गाठी मारल्या. मी आलो, दोन्ही पिशव्यांतली फळं एका घमेल्यात ओतली आणि एकदम बी काढायला बसलो.

मावशींचा हात तसाच हवेत राहिला.

"सर! ह्या अंगाचं न् त्या अंगाचं एकत्र केलं?"

"दोन्हीकडून सारखंच येतं मावशी. आई कोण, बाप कोण, काही फरक पडत नाही. वाटाण्यावर सिद्ध झालेलं आहे."

"आमाला तर पैल्या दिवसापासून शिकवलंय, नराची पिशवी मादीच्या पिशवीत जाऊ द्यायची न्हाई."

"ते धंद्याचं. हे शास्त्र."

मावशींनी चष्मा वर सरकवला आणि दुसऱ्या वाफ्याकडे गेल्या. जाता जाता म्हणाल्या, "वाटाण्याला विचारून घ्या मंग."

ते बी ट्रेमध्ये पेरलं. मी रोज सकाळी ऑफिसात जायच्या आधी ट्रेपाशी जायचो. रोपं वर आली आणि माझं डोकं फिरलं. बहुतेक हिरवी. काही शिंतोड्यांची. आणि काही पांढरी, दुधात बुडवून काढल्यासारखी. मी वही घेतली, मोजलं. तीनास एक बसेना. एकास एक बसेना. नवास सात करून पाहिलं, तेही बसेना. मग मी आकड्यांना समजावून सांगायला लागलो. दोन शिंतोड्यांची रोपं 'जवळपास हिरवी' म्हणून हिरव्यात टाकली, एक 'जवळपास पांढरं' म्हणून पांढऱ्यात. तरी बसेना. चार दिवसांनी पुन्हा मोजलं तर आकडेच बदललेले. पांढरी रोपं माना टाकत होती.

मी ठरवलं, लोह कमी पडलंय. फेरस सल्फेट फवारलं. हिरव्या रोपांच्या पानांवर तपकिरी डाग पडले, पांढरी तशीच मेली. मग ठरवलं, मर रोग. बुरशीनाशक ओतलं. पांढरी मेली. मग कोकोपीटला, म्हणजे ट्रेतल्या नारळाच्या भुश्याला, शिव्या घातल्या, नवीन कोकोपीट आणलं, त्यात पेरलं. पांढरी उगवली, बियातल्या दोन पानांवर आठ-दहा दिवस उभी राहिली, आणि बियातली शिदोरी संपली तशी मेली. पानात हिरवं नाही तर झाड खाणार काय, हे सातवीतल्या मुलाला विचारलं असतं तरी त्यानं सांगितलं असतं. मी एम.एस्सी. असल्यामुळे कुणाला विचारलं नाही.

बियाणं तपासणीच्या खोलीत एक मॅडम होत्या, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, माझ्याहून चाळीस वर्षांनी शांत. त्या ट्रे बघून एवढंच म्हणाल्या, "सर, उलटा क्रॉस वेगळा पेरलाय ना?"

"दोन्ही सारखेच येतात," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि "बरं" म्हणाल्या. त्या 'बरं'चा अर्थ मला वर्षभरानं लागला.

पहिला हंगाम असा गेला. शेठना मी सांगितलं, पुढच्या वेळी पद्धत सुधारतोय. शेठ म्हणाले, "मोटरसायकलीची सर्व्हिसिंग करून ठेवली हाय."

दुसऱ्या हंगामात पिशव्या वेगळ्या ठेवल्या. मला कारण समजलं होतं म्हणून नव्हे, तर आकडे बसत नाहीत म्हणजे कुठंतरी मावशींच्या हातचीच चूक असणार आणि ती पकडायची म्हणून. खरं सांगायला आता लाज वाटत नाही, एवढी ती जुनी झाली आहे.

या वेळी मी आधी फक्त सरळ बाजूचं बी पेरलं. मादी हिरवी जात, नर चितरं झाड. हीच बाजू धंद्याची. ट्रे उगवला. सगळा हिरवा. एक शिंतोडा नाही, एक पांढरं पान नाही. पार शेतकी खात्याच्या जाहिरातीतला हिरवा.

मला वाटलं, आता सापडलं. हे क्रॉस झालेलंच नाही. कळ्या वेळेवर उघडल्याच नाहीत, मादीनं आपले आपणच पराग घेतले, वरून लाल दोरा बांधून दिला. म्हणून सगळं हिरवं.

शेडनेटमध्ये सात-आठ बायका काम करत होत्या. मी ट्रे हातात घेऊन तिथंच बोललो. बाजूला घेऊन बोलायची अक्कल माझ्याकडे कधीच नव्हती.

"मावशी, हे काय? कळी न उघडताच दोरे बांधलेत का?"

 क्रॉसिंगच्या बाईला असं म्हणणं म्हणजे मास्तरला कॉपी पुरवतो म्हणण्यासारखं. मावशींनी चिमटा पदराला बांधला. सावकाश हात पुसले.

"काय म्हन्ले, सर?"

"सगळं हिरवं आलंय. ह्यात बापाचं काहीच नाही. ही नुसती भेसळ आहे."

"आना हिकडं."

त्यांनी ट्रे खाली ठेवला, उकिडव्या बसल्या, चष्मा पुसला. पानांकडे पाहिलंच नाही. बोटानं पानं बाजूला सारून त्या खाली बघत होत्या, रोप मातीतून जिथं वर येतं तिथं. एक ओळ झाली, दुसरी झाली. मी वर उभा, हाताची घडी घालून, न्यायाधीशासारखा. शेवटी त्यांनी दोन रोपं चिमटीत धरून उपटली आणि माझ्या हातावर ठेवली.

"हे दोन माझे. चुकलं माझं, त्या दिशी जरा उशीर झाल्ता. बाकीचे बराबर हायेत."

"कशावरून?"

"डोळे हायेत ना सर? देठ बघा की. आपल्या हिरव्या जातीचं रोप बुडाशी कसं असतं? पांढरट-हिरवं. हे दोन तसे हायेत. बाकीच्या समद्यांचं बूड जांभळं. ते कुठून आलं? ते तुमच्या कोड्या नवऱ्याचं हाय."

मी ट्रे उचलला. डोळ्यांपाशी धरला. प्रत्येक रोपाच्या बुडाला, पानांच्या खाली, जांभळी झाक. चितऱ्या झाडाच्या खोडावर होती तीच. म्हणजे बाप आला होता. बापानं आपलं जांभळं दिलं होतं, ट्रेभर न चुकता दिलं होतं. फक्त पानाचा रंग दिला नव्हता.

मागून एक बाई म्हणाली, "मावशी, सरांना चष्मा द्या तुमचा."

सगळ्या हसल्या. मावशी हसल्या नाहीत. त्यांनी चिमटा सोडवला आणि पुढच्या झाडाकडे गेल्या. त्या दिवशी त्या माझ्याशी परत बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाही. मी चहा सांगितला, तो त्यांनी शेजारणीला दिला.

मी घरी गेलो आणि माळ्यावरून कॉलेजच्या पुस्तकांची ट्रंक काढली. आनुवंशशास्त्राचं पुस्तक उघडलं. वाटाण्याची पानं पेन्सिलीच्या रेघांनी काळी झालेली, कोपरे दुमडलेले, एका पानावर वरणाचा डाग. आणि मग ते प्रकरण. कोरं. नवं कोरं. दोन पानं कडेला छापखान्यातून चिकटलेली आली होती, ती तशीच चिकटलेली. मी ती ब्लेडनं सोडवली.

आत सगळं लिहिलेलं होतं. पानाचं हिरवेपण पेशीतल्या बारीक बारीक हिरव्या कणांत असतं, त्यांना हरितलवकं म्हणतात. ह्या कणांचं स्वतःचं थोडं वेगळं डी.एन.ए. असतं, केंद्रकातल्या गुणसूत्रांत नव्हे, त्यांच्या स्वतःच्या पोटात. परागातून बापाचं केंद्रक येतं, पण बहुतेक झाडांत त्याची हरितलवकं येत नाहीत. ती फक्त आईच्या बीजांडातून येतात. म्हणून हिरव्या आईची लेकरं हिरवी, बाप कसाही असो. जांभळा देठ केंद्रकातला, म्हणून तो बापाकडून आला. चितऱ्या झाडात मात्र काही लवकं बिघडलेली, काही चांगली. पेशी दुभागताना ती वाटली जातात, पण मोजून नव्हे, जशी हाताला लागतील तशी. एखाद्या पेशीला सगळी चांगली येतात, तिथून हिरवी फांदी. एखादीला सगळी बिघडलेली, तिथून पांढरी. मिसळ आली की चितरी. अंडपेशीच्याही वाट्याला तसंच येतं. म्हणून चितऱ्या आईच्या लेकरांत तिन्ही जातीची रोपं, आणि त्यांचं प्रमाण प्रत्येक फळात वेगळं. तीनास एक नाही. कशास काहीच नाही. दोन्ही पिशव्या एका घमेल्यात ओतून मी त्यातून प्रमाण काढत बसलो होतो!

प्रकरणाच्या शेवटी प्रश्न होता: 'उलटसुलट संकरातून भिन्न निष्पत्ती का मिळते ते सोदाहरण स्पष्ट करा.' पाच गुण. त्या पाच गुणांसाठी मी दोन हंगाम जाळले होते.

सकाळी मी शेडनेटमध्ये गेलो तो सरळ मावशींपुढे.

"मावशी, माझं चुकलं. समद्यांसमोर बोललो, म्हणून समद्यांसमोर सांगतो. कळ्या बराबर उघडलेल्या होत्या."

"त्ये मला म्हाईत होतं," मावशी म्हणाल्या. मग चिमटा चालवता चालवता, "दोन सोडून."

"दोन सोडून."

"चहा येऊ द्या आता."

चहा पिता पिता मी त्यांना विचारलं, चितऱ्या झाडावर मादी म्हणून बांधलेले दोरे अजून कुठं कुठं आहेत. काही फळं अजून झाडावरच होती. ह्या वेळी पिशव्या झाडाच्या नावानं नव्हे, फांदीच्या नावानं केल्या. पांढऱ्या फांदीवरची फळं लहान आणि फिकट होती. ती फांदी स्वतः काही कमवत नव्हती, बाकीच्या झाडाच्या जिवावर जगत होती. हिरव्या फांदीची वेगळी, चितरीची वेगळी. सगळ्यांना बाप एकच, आमची हिरवी जात.

रोपं उगवली आणि पुस्तकात लिहिलं होतं तस्संच्या तसं आलं. हिरव्या फांदीच्या बियातून सगळी हिरवी. पांढऱ्या फांदीच्या बियातून सगळी पांढरी, बाप हिरवा असूनसुद्धा. चितऱ्या फांदीच्या बियातून तिन्ही, आणि दोन फळांचं प्रमाण एकमेकांशी जुळेना. पांढऱ्या ट्रेवर ह्या वेळी मी काही फवारलं नाही. दोन आठवड्यांत तो ट्रे रिकामा झाला. मी आणि मावशी बघत होतो.

"हिरव्या बापाचा काय उपयोग मंग?" मावशी म्हणाल्या.

"पानापुरता काही नाही."

मला इतका आनंद झाला होता की मी मॅडमला बोलावून तीन ट्रे दाखवले, फोटो काढले, व्हॉट्सॲपवर स्टेटस ठेवलं. मॅडम म्हणाल्या, "छान आलंय, सर. आता शेठना काय सांगणार?" मी म्हणालो, हेच. त्या पुन्हा "बरं" म्हणाल्या.

शेठसमोर मी तिन्ही ट्रे मांडले, शेजारी मावशींनी तपासलेला सरळ बाजूचा ट्रेही ठेवला. पाऊण तास बोललो. लवकं, केंद्रक, बीजांड, फांदी, सगळं.  मी थांबल्यावर शेठनी खुर्ची पुढं ओढली.

"मला एक सांगा. चितरं झाड मादी धरलं. क्रॉस बराबर झाला. रोप कसं येईल?"

"चितरं. किंवा हिरवं. किंवा पांढरं."

"आणि क्रॉस फसला, मादीचंच बी पडलं, तर?"

मी पुन्हा ट्रेंकडे वळलो. 

"चितरं," मी म्हणालो. "किंवा हिरवं. किंवा पांढरं."

"बरं. चितरं नर धरलं. क्रॉस बराबर झाला."

"सगळं हिरवं."

"आणि फसला?"

"हिरवंच."

शेठ खुर्चीला टेकले.  त्या तीन ट्रेंपैकी एक रिकामा होता आणि माझ्या मते मी त्या ट्रेहून वेगळा दिसत नसेन. रंग आईकडूनच येणार असेल, तर खरं संकरित आणि भेसळ एकाच रंगाची दिसणार. दोघांची आई एकच! भेसळ ओळखायला बापाची खूण लागते. पानाचा रंग ह्या कामाला आज नाही, उद्या नाही, कितीही हंगाम दिले तरी नाही. पुस्तकातलं प्रकरण मला समजलं होतं त्याच रात्री हे समजायला हवं होतं. मी स्टेटस ठेवत बसलो.

जीव वाचवायला मी शेवटचा हात मारला. "पण शेठ, देठाचं जांभळं आहे. ते बापाकडून येतं. मादी साध्या देठाची असली तर संकरित रोप जांभळं, भेसळ हिरवी. आठ-दहा दिवसांच्या रोपातच कळतं."

शेठ पहिल्यांदा सरळ बाजूच्या ट्रेवर वाकले. हिरव्या रोपांची पानं बोटानं बाजूला सारली, मावशींनी सारली होती तशीच. बराच वेळ पाहिलं.

"हे कामाचं हाय," ते म्हणाले. "पैल्या दिवसापासून होतं का झाडाला?"

"होतं."

"तुम्हाला कधी दिसलं?"

इथं खोटं बोलायची सोय होती. पण दाराशी मावशी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या.

"मावशींना दिसलं," मी म्हणालो.

"मंग मावशी शेडनेटात राहतील," शेठ म्हणाले. "जांभळ्याचं काम मॅडम बघतील. ठरलं होतं ते ठरलं होतं." आणि टेबलाच्या खणातून त्यांनी मोटरसायकलीची चावी काढली.

त्यांच्यावर राग धरावा असं काही नव्हतं, हेच जास्त त्रासाचं. राग धरायला जागा असती तर मोटरसायकल बरी चालली असती. मी घनसावंगी-परतूरचे रस्ते पालथे घातले. दुकानदार दुपारी झोपेतून उठून माझ्याकडे असे बघायचे की मीच त्यांचं पाप आहे. नवीन कार्डावर 'ब्रीडर' नव्हतं, ते मी लग्नात वाटलं नाही. मॅडमनी जांभळ्या देठाचा नर तयार केला. आता तपासणीच्या खोलीत रोपांची बुडं बघूनच लॉटची भेसळ सांगतात. मी त्याच बियाण्याची पाकिटं दुकानात मांडतो आणि दुकानदाराला सांगतो, "एकदम शुद्ध." त्यात खोटं काही नाही.

शेडनेट सोडताना चितरं झाड कुणालाच नको होतं. मावशींनी ते तेलाच्या जुन्या डब्यात बसवून माझ्या हवाली केलं. "घ्या तुमचा नवरदेव," म्हणाल्या, "पानी जास्त घालू नका."

ते आता घराच्या गच्चीवर आहे. कुणी पाहुणा आला की मी त्याला वर नेतो, गोष्ट सांगतो, आणि झाड दाखवायची वेळ आली की अडचण होते. पांढऱ्या फांदीला स्वतःचं खाणं नव्हतं, ती पहिल्या उन्हाळ्यातच वाळली. चितऱ्या फांद्या मागे पडल्या. हिरव्या फांद्या कमावत्या, त्या पसरत गेल्या आणि त्यांनी सगळ्यांना सावलीत घेतलं. आता शोधलं तर बुडाजवळ एखाद्या पानावर नखाएवढा पांढरा डाग सापडतो. परवा मेहुणे आले होते. पाच मिनिटं झाडाभोवती फिरले, वाकून पाहिलं, आणि म्हणाले, "पण भावजी, ही तर साधी मिरची दिसती."

मी त्यांना देठ दाखवला. म्हणालो, हे बघा, जांभळा.

"असतो की कधी कधी," मेहुणे म्हणाले, आणि चार मिरच्या तोडून खाली घेऊन गेले.